लेखापरीक्षण समितीच्या सभेचे इतिवृत्त

मंगळवार, 11 नोव्हेंबर 2025, सकाळी 11 वाजता, नोंदणीकृत कार्यालय, सिव्हिल लाईन्स, नागपूर

उपस्थित: समितीच्या अध्यक्ष (स्वतंत्र संचालक) व दोन सदस्य संचालक. निमंत्रित: मुख्य वित्त अधिकारी, बुटीबोरी कारखान्याचे व्यवस्थापक, अंतर्गत लेखापरीक्षक. इतिवृत्त लेखन: कंपनी सचिव.

1. गणपूर्ती झाल्याने सभा सुरू झाली. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले.

2. वाडी गोदामातील लाल मिरची

एप्रिल ते सप्टेंबर 2025 या काळाचा अहवाल लेखापरीक्षकांनी मांडला. साठा रजिस्टरमध्ये 'सुकण्याची घट' म्हणून दर महिन्याला सरसकट 2 टक्के वजा केले जातात. प्रत्यक्ष वजन करून घट काढल्याची एकही नोंद नाही. कळमन्याहून आलेल्या मालाच्या 40 काटा-पावत्या तपासल्या, त्यांपैकी 11 पावत्यांतले वजन गोदामाच्या आवक नोंदीशी जुळत नाही.

कारखाना व्यवस्थापकांचे म्हणणे: नागपूरच्या उन्हात मिरचीतली ओल उडते, त्यामुळे घट धरावीच लागते आणि 2 टक्के ही जुनी पद्धत आहे. त्यावर अध्यक्षांनी विचारले, की मे महिन्यातली घट पटते, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मिरची उलट ओल धरते. तेव्हाही घट नेमकी 2 टक्केच कशी? सभेत याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष समितीने काढलेला नाही; मात्र 'जुनी पद्धत' हे स्पष्टीकरण मान्य केले नाही.

ठरले: संपूर्ण साठ्याचे वजन 30 नोव्हेंबरपर्यंत लेखापरीक्षकांसमक्ष करावे. 11 पावत्यांचा खुलासा 5 डिसेंबरपर्यंत लेखी द्यावा. 1 जानेवारी 2026 पासून घट दर महिन्याला प्रत्यक्ष वजनावरूनच धरावी. जबाबदारी: कारखाना व्यवस्थापक.

3. सूक्ष्म व लघु उद्योगांची थकीत बिले

23 बिले 45 दिवसांनंतर चुकती झाली. मुख्य वित्त अधिकाऱ्यांच्या मते, माल तपासणीचा शेरा बुटीबोरीहून उशिरा येतो आणि दिवस तिथूनच मोजले जातात. सदस्यांनी लक्षात आणून दिले, की 2006 च्या कायद्यानुसार माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस ठरतो. मुदत टळल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. ही तरतूद हिशेबात नव्हती.

ठरले: व्याजाची रक्कम काढून डिसेंबर तिमाहीच्या हिशेबात तरतूद करावी. तपासणीचा शेरा सात दिवसांत पाठवण्याची पद्धत 15 डिसेंबरपर्यंत लागू करावी. जबाबदारी: मुख्य वित्त अधिकारी.

4. नोकरी सोडून गेलेल्या चार कर्मचाऱ्यांचे लेखा प्रणालीतील लॉगिन सुरूच होते. व्यवस्थापनाने निष्कर्ष मान्य केला. लॉगिन आजच बंद करून, मधल्या काळात त्यांवरून झालेल्या नोंदींची यादी 21 नोव्हेंबरपर्यंत द्यावी.

5. पाठपुराव्याची बैठक डिसेंबरमध्ये बुटीबोरीत होईल. अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाईन्समध्ये गाडी लावायलाही जागा मिळत नाही. समितीची पुढील सभा 10 फेब्रुवारी 2026 रोजी.

सभा दुपारी 1.20 वाजता संपली.

स्वाक्षरी: अध्यक्ष, लेखापरीक्षण समिती