आप्पांची भुवई

२०१९ च्या पुरात मलप्रभेचं पाणी आमच्या खानापूरच्या घरात शिरलं आणि लग्नाच्या अल्बमचा लगदा झाला. राहिला तो आप्पांच्या खिशातला एकच फोटो. रेल्वेत गँगमन लागले तेव्हाचा, पासच्या कव्हरात चार घड्या घालून ठेवलेला.

३१ तारखेला आप्पा रिटायर होणार होते. गँगमधल्या काकांनी सांगितलं, "बॅनरवर तेव्हाचा न् आत्ताचा, दोन फोटो पाहिजेत बघ."

बेळगावात जाऊन ६०० डीपीआयला स्कॅन करून आणला. स्क्रीनवर मोठा केला तर घडी म्हणजे नांगरलेली सरीच. तिथली काळीपांढरी छटा उडून खालचा कोरा कागद वर आलेला. फोटो दुरुस्त करायच्या GIMP सॉफ्टवेअरमध्ये नवा थर घेतला आणि त्यातल्या Heal टूलने शेजारचा तुकडा उचलून एकेक ठिपका भरत बसलो. मागची भिंत एका रात्रीत झाली. शर्टाला दोन रात्री गेल्या, कारण पट्टी जराशी सरकली तरी शर्ट फाटल्यासारखा दिसायचा. पाऊस लागला की करंट जायचा, मग जुना लॅपटॉप बंद.

आडवी घडी डाव्या भुवईवरून गेली होती. उजवी भुवई उलटी करून तिथं बसवली. छान जमली, पण चेहरा परका वाटायला लागला. का, ते कळेना.

मागं आई येऊन उभी होती. "हे तुझे आप्पा नव्हंत," एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली.

मी मोबाईलचा उजेड हाताआड धरून आप्पांच्या उशाशी गेलो. चष्मा काढलेला होता. डावी भुवई मधोमध तुटलेली, आत तांदळाएवढा पांढरा वण. पावसाळाभर ते घाटात रात्रीच्या गस्तीला असायचे आणि दिवसा पांघरूण ओढून झोपायचे. एकवीस वर्षांत हा चेहरा मी इतक्या जवळून पाहिलाच नव्हता. त्यांनी कूस बदलेपर्यंत बघत राहिलो.

पहाटेपर्यंत ती भुवई पुन्हा तोडली. घडीची रेघ वेगळी, वणाची वेगळी. वण जरा तिरका जातो.

समारंभात साहेब कन्नडमधून बोलले, काका मराठीतून. आप्पा हार गळ्यात तसाच ठेवून बॅनरजवळ गेले. चष्मा काढला, एक बोट फोटोतल्या भुवईवर ठेवलं, दुसऱ्या हाताचं स्वतःच्या.

"हे ठेवलास होय रे?"

"होय आप्पा."

"चिंचेवरून पडलो होतो. आईनं हळद दाबून धरलेली, रात्रभर."

आज्जीचा तर एकही फोटो नाही. आप्पांनी माझा हात धरला आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत ती कशी दिसायची ते सांगत राहिले.