यंदाचा पहिला गूळ आला! काल उतरला, आज नागपुरात

मौद्याजवळच्या आमच्याच शेतातला ऊस, आमचंच गुऱ्हाळ. उसाला शेणखत नि जीवामृत, रासायनिक खत नाही. काहिलीत मळी काढायला भेंडीचं पाणी, खाली जाळायला चिपाडं. हायड्रोस पावडर नाही, रंग नाही.

म्हणूनच हा गूळ पिवळाधमक दिसत नाही. रंग तपकिरी, थोडा काळपट. मागच्या वर्षी एका काकूंनी ढेप पाहून "जळला काय जी?" विचारलं होतं. संक्रांतीला त्यांनीच पाच किलो नेला!

खडा फोडला की आत बारीक रवा दिसतो, उसाचा वास येतो. पाण्यात विरघळवून बघा. तळाशी थोडा गाळ दिसला तर तो उसाचाच, चहा गाळतोच ना आपण.

1 किलोची ढेप 110 रुपये, 5 किलो 525. दर रविवारी महाल, धरमपेठ, सक्करदऱ्यात घरपोच. आधी चाखा, मग पैसे द्या. पाक सुटायला लागला तर ढेप डब्यात कोरडी ठेवा, फ्रीज नको.

शुक्रवारपर्यंत मेसेज करा. या खेपेत 80 ढेपाच आहेत.

#सेंद्रियगूळ #गावरानगूळ #ताजागूळ #गुऱ्हाळ #शेतातूनघरी #नागपूर #नागपूरकर #विदर्भ #गुळाचीपोळी