नववी ब, भूगोल : ‘प्रतिरोध पाऊस’. बदली तासाला बोलायची संहिता

शिंदे सर,

जोशी बाई आज रजेवर आहेत आणि नववी ब चा चौथा तास तुमच्याकडे आला आहे. त्यांच्या स्लाइड्स वर्गातल्या संगणकावर `vrushti_9B.pptx` नावाने आहेत. एकूण नऊ, पण त्यांवर शब्द थोडे आणि बाण फार, कारण बाई बोलून शिकवतात. म्हणून प्रत्येक स्लाइडला काय बोलायचं ते लिहून काढलं आहे. कंसातलं तुमच्यासाठी, बाकीचं मोठ्याने म्हणायचं. तास 35 मिनिटांचा आहे. सर्वाधिक वेळ चौथ्या आणि पाचव्या स्लाइडला द्या. पाचवी तर गणिताचीच आहे.

आपल्या मुलांच्या डोक्यात एक वाक्य घट्ट बसलेलं असतं : ‘डोंगर ढग अडवतो म्हणून पाऊस पडतो.’ ते वाक्य आज हलायला हवं. बाकी काही राहिलं तर जोशी बाई परत आल्यावर घेतील.

स्लाइड 1. खडकवासल्याचा फोटो

(हजेरी होईपर्यंत फोटो पडद्यावर राहू द्या.)

मुलांनो, जोशी बाई आज नाहीत, पण धडा त्यांचाच पुढे न्यायचा आहे. वह्या उघडा आणि आजची तारीख घाला. तुमच्यापैकी कुणाचं गाव मुळशी, भोर किंवा वेल्ह्याकडे आहे? हात वर करा. आता दौंड, बारामती, इंदापूरकडचे कोण?

(दोन्हीकडून एकेकाला उभं करा. ‘तुमच्या गावाला भात होतो की ज्वारी?’ एवढंच विचारा. मुळशीकडचा भात म्हणेल, दौंडकडचा ज्वारी किंवा ऊस. ऊस म्हणाला तर ‘तो पावसावर येतो की पाटाच्या पाण्यावर?’ हे विचारायला विसरू नका.)

दोघंही पुणे जिल्ह्यातले. एकाच्या शेतात गुडघाभर पाणी, दुसरा टँकरची वाट बघतो. एकाच जिल्ह्यात असं का होतं, हे आज बघायचं आहे.

स्लाइड 2. जिल्ह्याचा नकाशा

डावीकडे सह्याद्री, उजवीकडे पठार. पावसाळ्यात वारा कुठून येतो? (‘नैऋत्येकडून’ हे उत्तर येईल.) अरबी समुद्रावरून येतो म्हणजे काय घेऊन येतो? बाष्प. या वाऱ्याला आधी कोकण लागतं, मग सह्याद्री, मग आपण.

(पटकन पुढे जा.)

स्लाइड 3. सह्याद्रीचा आडवा छेद

(हे चित्र फळ्यावर काढा. पडद्यावरचं चित्र मुलं नुसतं बघतात, फळ्यावरचं वहीत उतरतं. डावीकडे समुद्राची रेघ, मग सरळ चढणारा कडा, माथा आणि उजवीकडे हळूहळू उतरणारं पठार. पश्चिमेकडचा चढ उभा आणि पूर्वेकडचा उतार सौम्य हवा. दोन्ही बाजू सारख्या काढल्या तर चित्र चुकतं.)

वारा ज्या बाजूला येऊन धडकतो ती वातसन्मुख बाजू. पलीकडची, वाऱ्याला पाठ केलेली, ती वातविन्मुख बाजू. दोन्ही शब्द चित्रावर लिहून घ्या. पुणे कुठल्या बाजूला येतं?

(‘वातविन्मुख’ हे उत्तर सगळ्यांकडून यायला हवं. नाही आलं तर चित्रात पुण्याच्या जागी ठिपका द्या आणि पुन्हा विचारा.)

स्लाइड 4. तीन चौकोन : ‘वर चढते’, ‘थंड होते’, ‘सांद्रीभवन’

(इथे घाई करू नका.)

डोंगर आडवा आला की वाऱ्याला जायला वाट राहत नाही, म्हणून तो वर चढतो. डोंगराचं काम तेवढंच. तो ढग धरून ठेवत नाही आणि पिळतही नाही. कितीतरी वेळा ढग तिथे आधी नसतोच, हवा चढता चढता तयार होतो. मग हवा वर गेल्यावर नेमकं काय होतं?

वर हवेचा दाब कमी असतो. दाब कमी झाला की हवा प्रसरण पावते, आणि प्रसरण पावताना तिची स्वतःची उष्णता खर्च होते, म्हणून ती थंड होते. बाहेरून कुणी तिला थंड केलेलं नसतं.

तुम्ही हे हाताने अनुभवलं आहे. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरलं तर हवा कशी लागते? गार. आणि पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक? गरम. हवा मोकळी झाली की गार, दाबली की गरम. घरी जाऊन करून बघा.

(कुणीतरी हमखास ओठ आवळून फुंकर मारून दाखवेल आणि ‘सर, हेच ना?’ म्हणेल. ते उदाहरण इथे घेऊ नका. फुंकर गार लागते ती मुख्यतः आजूबाजूची हवा सोबत ओढली जाते म्हणून, प्रसरणामुळे नव्हे. ‘छान निरीक्षण आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे’ एवढं म्हणून पुढे जा.)

थंड हवेत बाष्प कमी मावतं. हवा इतकी थंड झाली की आहे तेवढं बाष्पही तिच्यात मावेना, की उरलेल्या बाष्पाचे बारीक जलकण होतात. यालाच सांद्रीभवन म्हणतात, आणि तोच ढग. पावसाळ्यात लोणावळ्याला गेल्यावर रस्त्यावर धुकं उतरलंय असं आपण म्हणतो. तेव्हा बहुतेक वेळा आपण ढगातच उभे असतो.

स्लाइड 5. तापमानाची आकडेमोड

(सर, हा फळा तुमचा. स्लाइडवर फक्त उत्तरं आहेत, त्यामुळे आधी स्लाइड झाका आणि मुलांकडून काढून घ्या.)

सोपे आकडे धरू. समुद्राकाठी हवा 30 अंश सेल्सिअस. ढग तयार होईपर्यंत ती दर 1000 मीटरला 10 अंशांनी थंड होते. ढग 500 मीटरवर तयार झाला, तर तिथलं तापमान किती?

(25.)

आता सांद्रीभवन सुरू झालं. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, ती हवेलाच मिळते. म्हणून इथून पुढे हवा सावकाश थंड होते. आपण 1000 मीटरला 6 अंश धरू. माथा 1000 मीटरवर आहे. माथ्यावर तापमान किती?

(पुढचे 500 मीटर म्हणजे 3 अंश. उत्तर 22. एखादा 20 म्हणेल, तो जुनाच दर वापरतोय. त्यालाच फळ्यापाशी बोलवा.)

पाऊस माथ्यापर्यंत पडून गेला. हवा पलीकडे उतरायला लागली. उतरताना दाब वाढतो, हवा दाबली जाते आणि गरम होते. ढगाचे उरलेले जलकण विरले, की ती 1000 मीटरला 10 अंशांनी तापते. आपण माथ्यापासूनच हा दर धरू. मग 500 मीटरवर किती?

(22 अधिक 5, म्हणजे 27. हे उत्तर आलं की क्षणभर थांबा.)

पश्चिमेला 500 मीटरवर 25 आणि पूर्वेला त्याच उंचीवर 27. उंची तीच, हवा तीच, तरी 2 अंश जास्त. त्यातून पाणीही बरंच गळून गेलेलं. गरम हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे जे उरलंय तेही ढग न होता हवेतच राहतं. म्हणून डोंगरापलीकडे पाऊस कमी. त्या भागाला म्हणतात पर्जन्यछाया प्रदेश. हे वाक्य वहीत लिहा : ‘उतरणारी हवा गरम व कोरडी होत जाते, म्हणून वातविन्मुख बाजूला पाऊस कमी पडतो.’

(प्रत्यक्षात दर रोज थोडे बदलतात. हुशार मुलाने विचारलं तर तसं सांगा.)

स्लाइड 6. तीन स्तंभ

(आलेखावर आकडे नाहीत. बाईंनी वर्षाचा पाऊस गोळाबेरीज करून घेतलाय : मुंबई सुमारे 2200 मिलिमीटर, महाबळेश्वर साडेपाच हजारांच्या पुढे, पुणे 700 च्या आसपास. फळ्यावर लिहा.)

महाबळेश्वरहून पाचगणी 20 किलोमीटरच्या आत आहे, तरी तिथला पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. मिलिमीटर म्हणजे किती पाणी? एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर 1 लिटर पाणी होतं. आता सांगा, 100 चौरस मीटर गच्चीवर पुण्याचा 700 मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाला किती लिटर?

(70,000. ‘बापरे’ म्हणतील. म्हणू द्या.)

(इथे बहुतेक हे दोन प्रश्न येतील.

‘सर, लोणावळा तर माथ्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला आहे. तिथे कसा एवढा पाऊस?’ प्रश्न अगदी रास्त आहे, शाबासकी द्या. वारा जोरात असतो, त्यामुळे ढग आणि थेंब माथा ओलांडून काही किलोमीटर आत येतात. मुळशीचंही तसंच. पण पूर्वेकडे सरकाल तसा पाऊस झपाट्याने घटतो.

‘मग पुण्यात सप्टेंबरमध्ये गडगडाट होऊन एवढा कोसळतो तो?’ तो बराचसा वेगळ्या प्रकारचा पाऊस. जमीन तापून हवा सरळ वर जाते, म्हणजे आरोह पाऊस. मे महिन्यातला वळीवही त्यातलाच.)

स्लाइड 7. तीन प्रकारांची तुलना

(ही गाळा. आवर्त पाऊस अजून शिकवून झालेला नाही, जोशी बाई नंतर घेतील.)

स्लाइड 8. धरणं

आपल्या घरी नळाला येणारं पाणी कुठून येतं? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. ही धरणं शहराच्या कुठल्या बाजूला आहेत?

(पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत.)

आणि ती तिथेच का बांधली असतील? मगाशी लोणावळ्याचं काय बोललो ते आठवा.

(दोन-तीन मुलांना बोलू द्या. ‘तिथे पाऊस जास्त’ इथवर ती पोचतील. मग हे जोडा.)

घाटमाथ्यालगतच्या पट्ट्यात भरपूर पाऊस पडतो, ते पाणी तिथेच साठवायचं आणि आपण पर्जन्यछायेत राहून वर्षभर वापरायचं. पूर्वेकडच्या दौंड-इंदापूरच्या शेतांनाही खडकवासल्याच्या कालव्यातून पाणी जातं. मगाशी ऊस म्हणालेल्याच्या पाटाचं पाणी कुठून येत असेल, याचा अंदाज करा. शहर आणि शेती एकाच पाण्यावर अवलंबून आहेत, म्हणून पाऊस ओढला की कुणाला किती पाणी द्यायचं याची चर्चा दरवेळी निघते.

स्लाइड 9. प्रश्न

(घंटेला पाच मिनिटं उरली की इथे या. तोंडी एकच प्रश्न घ्या, तोही मागच्या बाकावरच्यांना.)

‘डोंगर ढग अडवतो म्हणून पाऊस पडतो.’ हे वाक्य दुरुस्त करून सांगा.

(उत्तरात तीन गोष्टी हव्यात : डोंगरामुळे हवा वर चढते, ती थंड होते, सांद्रीभवन होतं. शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, क्रम चुकता कामा नये.)

गृहपाठ लिहून घ्या. एक, फळ्यावरचा आडवा छेद काढून दोन्ही बाजू आणि पर्जन्यछाया प्रदेश दाखवा. दोन, माथा 1000 ऐवजी 1500 मीटर धरून तापमानं पुन्हा काढा. ढग 500 मीटरवरच तयार होतो असं समजा.

(उत्तर : माथ्यावर 19 अंश, पलीकडे 500 मीटरवर 29. जोशी बाई परवा तपासतील. फळ्यावरचं चित्र पुसू नका, पुढचा तास नववी क चा भूगोलच आहे आणि तो माझ्याकडे आहे. प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच काढू नका आणि रिमोट शिपाईमामांकडे द्या.)