सौरभचं जर्मनीचं वेळापत्रक : फेब्रुवारी ते सप्टेंबर

एक प्रत कपाटाच्या दाराला लाव, एक बाबांकडे दे.

फेब्रुवारी
आधी नाव बघ. व्हीटीयू विद्यापीठाच्या मार्क्सकार्डावर तू SAURABH R PATIL, पासपोर्टवर SAURABH RAMESH PATIL, आणि दहावीच्या कार्डावर आडनाव पुढे. माझ्या वेळी त्या एका R पायी तीन आठवडे गेले होते. तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घे. पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, तो आत्ताच बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रात नवा करायला टाक. नवा नंबर हातात आला की मगच पुढचे अर्ज.

मार्च
एपीएस, म्हणजे तुझी इथली मार्क्सकार्डं आणि पदवी खरी असल्याचं जर्मनीसाठीचं प्रमाणपत्र. फी 18,000 रुपये. हे प्रमाणपत्र नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून सगळ्यात जास्त घाई इथे कर. आयईएल्टीएसही ह्याच महिन्यात देऊन टाक.

एप्रिल-मे
तुझी चारही विद्यापीठं युनि-असिस्टमधून, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेतून, अर्ज घेतात: पहिल्याला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30, म्हणजे 165. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै असते, पण तू मेअखेर अर्ज पाठवच. प्रवेशपत्र ऑगस्टमध्ये आलं तर व्हिसाला दिवसच उरत नाहीत.

बाबा, हे तुमच्यासाठी. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते. वडगावच्या घराचा ई-खाता म्हणजे घराची सरकारी नोंद, ईसी म्हणजे घरावर बोजा आहे की नाही त्याचा दाखला, आणि मूळ खरेदीखत काढून ठेवा. कागद कन्नडमध्ये आहेत म्हणून काळजी करू नका, इथल्या शाखेला ते रोजचेच. फक्त ई-खात्यावर अजून आजोबांचं नाव आहे. ते बदलायला वेळ लागतो, म्हणून एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात जा.

सौरभ, त्याच आठवड्यात, प्रवेशाची वाट न बघता, विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव घाल. जिथे प्रवेशपत्र आधी लागतं तिथे ते आल्या दिवशी.

जून
पत्रांची वाट. कर्जाची फाईल पूर्ण.

जुलै
प्रवेशपत्र आलं की ब्लॉक खातं, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं: सध्या वर्षाचे 11,904 युरो, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. पैसे बँकेने कर्जातून थेट पाठवले तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर, कापला जात नाही, हे बाबांनी शाखेत आधीच बोलून ठेवावं. आरोग्य विमा, मग ऑनलाइन व्हिसा अर्ज. भेट बेंगळुरूत. रात्रीच्या गाडीने जा, मूळ कागद बॅगेत नको, छातीशी धर.

ऑगस्ट
सत्र शुल्क मुदतीआधी भर, पावती जप. खोली व्हिडिओवर बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. मालक कितीही गोड बोलला तरी नाही. तो 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे तू त्याच्याकडे राहतोस असं लिहून दिलेला कागद, देणार का, हे आधीच विचार. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि तो ह्या कागदाशिवाय होत नाही.

सप्टेंबर
व्हिसा हातात, मगच तिकीट. आईचा मसाला चेक-इन बॅगेत.

– ताई