गच्चीवरील मोबाइल टॉवरसाठी लिव्ह अँड लायसन्सचा करारनामा

करारनामा आज तारीख 6 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिक मुक्कामी,

लिहून घेणार: गोदातीर टॉवर इन्फ्रा प्रायव्हेट लिमिटेड, नोंदणीकृत कार्यालय पुणे, तर्फे अधिकृत सहीकर्ते श्री. प्रशांत मधुकर वाघचौरे (यापुढे ‘कंपनी’),

यांसी लिहून देणार: श्री. विनायक दत्तात्रय सोनटक्के, वय 61, धंदा निवृत्त, रा. प्लॉट नं. 14, इंदिरानगर, नाशिक (यापुढे ‘मालक’),

कारणे करारनामा लिहून देतो ऐसा जे,

प्लॉट नं. 14 वरील तळमजला अधिक तीन मजल्यांची आरसीसी इमारत मालकांच्या एकट्याच्या मालकीची आहे. तिच्यावर बँकेचा बोजा किंवा कोर्टातला वाद नाही. तळमजल्यावर मालक स्वतः राहतात, वरच्या तीन फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. गच्ची कोणत्याही भाडेकरूच्या ताब्यात दिलेली नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात टॉवर उभारण्यासाठी कंपनीने जागा मागितली व मालकांनी ती पुढील शर्तींवर वापरण्यास दिली.

1. जागा. गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यातील 8 मीटर बाय 4 मीटर, म्हणजे 32 चौ.मी. जागा. सोबतच्या नकाशात ती लाल रेषेने दाखवली आहे. जिन्यावरची टाकी, सोलर वॉटर हीटर, कपडे वाळवायच्या तारा आणि उरलेली गच्ची मालकांच्याच वापरात राहील. मीटरपासून गच्चीपर्यंतची केबल मागच्या भिंतीवरून जस्ती ट्रेमधूनच न्यायची. जिन्याच्या डक्टमधून किंवा पाण्याच्या पाइपांना बांधून केबल नेता येणार नाही. अर्थिंगचे दोन खड्डे मागच्या सामासिक अंतरात, बोअरवेलपासून किमान 5 मीटर लांब करायचे.

2. मुदत. 1 नोव्हेंबर 2025 ते 31 ऑक्टोबर 2030, एकूण 60 महिने. हा 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 प्रमाणे केवळ वापराचा परवाना आहे. त्यातून कंपनीला भाडेकरूचा अथवा इतर कोणताही हक्क मिळत नाही. पहिले 24 महिने कंपनीला करार सोडता येणार नाही. त्यानंतर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन सोडता येईल. मालकांना मुदत संपेपर्यंत करार मोडता येणार नाही, मात्र कलम 3 व कलम 9 मधील प्रसंग सोडून. मुदतवाढ आपोआप होणार नाही. ती हवी असल्यास नवा दस्त करून नोंदवावा लागेल.

3. भाडे. दरमहा भाडे असे: पहिल्या वर्षी ₹22,000, दुसऱ्या वर्षी ₹23,100, तिसऱ्या वर्षी ₹24,255, चौथ्या वर्षी ₹25,468 व पाचव्या वर्षी ₹26,741. प्रत्येक महिन्याचे भाडे त्याच महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मालकांच्या बँक खात्यात जमा करायचे. 10 तारखेनंतर थकलेल्या रकमेवर दरसाल 12 टक्के व्याज लागेल. सलग दोन महिने भाडे थकल्यास मालकांनी 15 दिवसांची नोटीस द्यावी व त्यातही भरणा न झाल्यास करार रद्द करावा.

‘सिग्नल चालू झाल्यापासून भाडे’ अशी बोलणी सुरुवातीस झाली होती. ती उभयतांनी मोडीत काढली आहे. सिग्नल कधी चालू होईल हे मालकांच्या हातात नसल्याने टॉवर उभा राहो वा न राहो, 1 नोव्हेंबर 2025 पासून भाडे सुरू होईल. महापालिका किंवा दूरसंचार खात्याची परवानगी 28 फेब्रुवारी 2026 पर्यंत न मिळाल्यास कंपनीने तसे लेखी कळवून करार संपवावा; तेव्हा 24 महिन्यांची अट लागू होणार नाही, मात्र तोपर्यंतचे भाडे परत मागता येणार नाही.

टॉवरवर आज एकाच ऑपरेटरची उपकरणे बसणार आहेत. पुढे आणखी ऑपरेटर घेतल्यास प्रत्येकामागे दरमहा ₹5,000 जादा द्यायचे, व त्याची उपकरणे बसवण्याआधी नवा वजनाचा हिशोब मालकांना द्यायचा. मालकांनी विनंती केल्यावर कंपनीने चालू ऑपरेटरांची यादी सात दिवसांत द्यावी. यादीत नसलेला ऑपरेटर जागेवर आढळल्यास त्या तारखेपासून मागे सहा महिन्यांचे जादा भाडे देय होईल.

मालक जीएसटीखाली नोंदणीकृत नाहीत, त्यामुळे 10 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे हा कर कंपनीने रिव्हर्स चार्जने स्वतः भरायचा व तो भाड्यातून वळता करायचा नाही. भाडे महिन्याला ₹50,000 च्या आत असल्याने आजच्या तरतुदीप्रमाणे कलम 194-आय ची टीडीएस कपात होणार नाही. टॉवरमुळे मालमत्ता कराची वेगळी आकारणी झाली किंवा चालू आकारणी वाढली, तर ती रक्कम बिल दाखवल्यापासून 15 दिवसांत कंपनीने भरायची.

4. अनामत. ₹1,32,000, बिनव्याजी, सही होण्यापूर्वी आरटीजीएसने मिळाली. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा सर्व खर्च कंपनीचा.

5. उभारणी. टॉवर चार पायांचा, 12 मीटर उंचीचा. त्याचे वजन स्लॅबवर येता कामा नये. सी-7, सी-8, सी-11 व सी-12 या चार कॉलमांच्या माथ्यावर 450 × 450 × 600 मि.मी. चे पेडेस्टल घेऊन त्यांवर लोखंडी आय-बीमची चौकट ठेवायची. टॉवर, बॅटरीचे कॅबिनेट व केबल ट्रे सारे त्या चौकटीवरच बसवायचे. चौकट व गच्ची यांत 600 मि.मी. मोकळे राहिले, तरच पाणी वाहते व खालची गळती काढायला गवंड्याला हात घालता येतो. म्हणून तिथे विटा, पत्रा किंवा सामान भरायचे नाही.

काम सुरू करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मालकांना द्यायचा. हिशोब आयएस 875 भाग 3 प्रमाणे नाशिकच्या 39 मीटर प्रतिसेकंद या मूळ वाऱ्याच्या वेगावर केलेला असावा. दाखला ऑपरेटर वाढल्यावर व दर दोन वर्षांनी नव्याने द्यावा लागेल.

ब्रिकबॅट कोबा फक्त चार पेडेस्टलच्या जागी फोडायचा. स्लॅबमध्ये इतर कुठेही ड्रिल करायचे नाही. पॅरापेटला अँटेनाचा पाइप बांधायचा नाही. पॅरापेट विटांची आहे, ती वाऱ्याचा ओढ घेत नाही. पेडेस्टलभोवती वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्यावर गच्चीवर 48 तास पाणी साठवून खालच्या तिसऱ्या मजल्याचे छत उभयतांनी मिळून पाहायचे. छत कोरडे राहिल्याची नोंद व फोटो झाल्यावरच टॉवर चढवायचा. मुदतीत पेडेस्टलपासून 2 मीटरच्या आत कुठेही ओल आली, तर ती टॉवरमुळे आली असे धरले जाईल व कंपनीने 15 दिवसांत दुरुस्ती करावी. तसे न घडल्यास मालक गवंड्याकडून काम करून घेतील व खर्च कंपनीकडून वसूल करतील.

वीज स्वतंत्र थ्री-फेज मीटरवर, कंपनीच्या नावाने. मालकांच्या मीटरवरून हंगामी कनेक्शनही घेता येणार नाही. इमारतीत कुठेही डिझेल जनरेटर बसवायचा नाही व डिझेल साठवायचे नाही. बॅकअप बॅटरीचाच. वीज आठ तासांहून अधिक खंडित राहिल्यास फिरता जनरेटर गेटबाहेर, सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत चालवता येईल. कॅबिनेटच्या पंख्याचा आवाज तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी रात्री 45 डेसिबलच्या वर जाता कामा नये.

6. जाणे-येणे. नेहमीच्या देखभालीसाठी सोमवार ते शनिवार सकाळी 9 ते सायंकाळी 6, आदल्या दिवशी मालकांना कळवून. एका वेळी चारांहून अधिक माणसे नकोत. प्रत्येकाने ओळखपत्र दाखवून तळमजल्यावरील रजिस्टरमध्ये नाव, वेळ व काम लिहायचे. साइट बंद पडल्यास रात्री-अपरात्रीही येता येईल, मात्र वाटेतून फोन करूनच. बेल वाजवून भाडेकरूंना उठवायचे नाही. गच्चीच्या दाराची एक किल्ली सीलबंद पाकिटात गेटजवळच्या कुलूपबंद पेटीत राहील. पाकीट फोडल्याची नोंद त्याच दिवशी करावी.

टॉवरवर चढणाऱ्याने फुल-बॉडी हार्नेस व हेल्मेट घातलेच पाहिजे. नसल्यास मालक त्याला गच्चीवर जाण्यापासून रोखू शकतील व ती अडवणूक ठरणार नाही. काम झाल्यावर वायरचे तुकडे, बोल्ट, खोके सोबत न्यावेत. तुकडे पावसाळी पाइपात जाऊन तुंबल्यास सफाईचा खर्च कंपनीचा.

मालकांनी टॉवरची वीज बंद करू नये, कुलूप बदलू नये. भाड्याचा वाद असला तरीही नाही. शेजाऱ्यांचे आंदोलन किंवा महापालिकेची कारवाई यामुळे वाट अडली तर तो मालकांचा कसूर समजला जाणार नाही व भाडे थांबणार नाही.

7. रेडिएशन. दूरसंचार विभागाने त्या त्या वेळी ठरवलेली मर्यादा पाळल्याच्या स्व-प्रमाणपत्राची प्रत कंपनीने साइट सुरू होताच द्यावी व अँटेना बदलल्यावर नवी द्यावी. कोणत्याही अँटेनाचे तोंड गच्चीकडे किंवा समोरच्या गॅलरीकडे ठेवू नये. मोजणीसाठी भाडेकरूंनी अर्ज केल्यास मालक त्यास आडकाठी करणार नाहीत.

8. जबाबदारी. टॉवर, त्याचा पडलेला भाग, आग, विजेचा धक्का, वीज कोसळणे, कामगाराचा अपघात यांतून कोणालाही झालेली इजा वा नुकसान भरून देण्याची जबाबदारी कंपनीची. खात्यांचे दंड, परवानग्यांचे शुल्क व त्यासंबंधीचे कोर्टखर्चही कंपनीचे. मालकांना नोटीस आल्यास ती तीन दिवसांत कंपनीकडे पाठवावी; उत्तर व वकील कंपनीने पाहावे. कंपनीने किमान ₹1 कोटीचा त्रयस्थ-दायित्व विमा काढून मालकांचे नाव त्यात सहविमाधारक म्हणून घालावे व दरवर्षी नूतनीकरणाची प्रत द्यावी. विमा कंपनीने दावा नाकारला म्हणून कंपनीची जबाबदारी कमी होत नाही. मालकांनी मुद्दाम केलेल्या नुकसानीस मात्र मालकच जबाबदार.

9. दुरुस्ती, विक्री, पुनर्विकास. इमारतीची धोक्याची दुरुस्ती निघाल्यास मालकांनी 30 दिवस आधी कळवावे. काम चालू असेपर्यंत कंपनी उपकरणे तात्पुरती हलवील व त्या दिवसांचे भाडे लागणार नाही. पुनर्विकासासाठी सहा महिन्यांची नोटीस देऊन मालक करार संपवू शकतील. इमारत विकली तरी करार खरेदीदारावर बंधनकारक राहील. दूरसंचार अधिनियम 2023 प्रमाणे टॉवर इमारतीचा भाग धरला जाणार नाही, त्यामुळे मालकांच्या देण्यापोटी तो जप्त होऊ शकत नाही.

10. काढणे. करार कसाही संपला तरी कंपनीने 45 दिवसांत सर्व काही न्यायचे. आधी अँटेना व बॅटऱ्या, मग टॉवरचे भाग वरून खाली सुटे करत, शेवटी चौकट. भाग गच्चीवरून खाली टाकायचे नाहीत. क्रेन किंवा दोराने उतरवायचे. त्या दिवशी गेटसमोर पार्किंग बंद ठेवायचे व भाडेकरूंना तीन दिवस आधी कळवायचे.

पेडेस्टल कोब्याच्या पातळीवर कापून सोडणे पुरेसे नाही. ते स्लॅबपर्यंत काढावेत, सळई 25 मि.मी. आत कापून इपॉक्सीने बुजवावी, कोबा पूर्वीच्या उताराने पुन्हा करावा आणि 48 तासांची पाण्याची चाचणी घ्यावी. अर्थिंगचे खड्डे बुजवून मीटर बंद केल्याचा दाखला द्यावा.

45 दिवसांनंतर दर दिवशी शेवटच्या मासिक भाड्याच्या तिसाव्या हिश्श्याच्या दुप्पट रक्कम लागेल. 90 दिवस उलटल्यास मालकांनी कंपनीला व ऑपरेटरला 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर ते परवानाधारक कंत्राटदाराकडून टॉवर उतरवून घेतील. खर्च अनामतीतून व उरलेला कंपनीकडून वसूल होईल. चालू केबल मालकांनी स्वतः तोडू नये.

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर अनामतीतील ₹92,400 सात दिवसांत परत मिळतील. उरलेले ₹39,600 पुढचा एक पावसाळा पाहून, 31 ऑक्टोबरनंतर मिळतील. गळती कोब्यातूनच झाल्यास त्यातून खर्च वजा होईल.

11. वाद. प्रथम उभयतांनी 30 दिवस बसून बोलावे. न मिटल्यास लवाद व समेट कायदा 1996 खाली एकच लवाद नेमावा. लवादाचे स्थळ नाशिक, भाषा मराठी. भाडेवसुली व जागा रिकामी करण्याचे दावे नाशिकच्या कोर्टातच.

12. जोडपत्रे. लाल रेषेचा नकाशा, कॉलमांची मांडणी, उपकरणांची वजनासह यादी, उभयतांच्या ओळखपत्रांच्या प्रती, कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव. यादीबाहेरचे उपकरण बसवण्यास मालकांची लेखी संमती लागेल. मेसेजवरची संमती चालणार नाही.

येणेप्रमाणे हा करारनामा आम्ही वाचून, समजून, राजीखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय केला. दोन प्रती केल्या, एकेक उभयतांकडे.

लिहून देणार: विनायक दत्तात्रय सोनटक्के (सही)
लिहून घेणार: गोदातीर टॉवर इन्फ्रा प्रायव्हेट लिमिटेड तर्फे प्रशांत मधुकर वाघचौरे (सही व शिक्का)
साक्षीदार: 1. सुनंदा अरविंद पगार (सही) 2. हेमंत रघुनाथ आहेरकर (सही)