कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन: कॅशे मॅपिंगवरील घटक चाचणी आणि नमुना उत्तरे

द्वितीय वर्ष, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग (मराठी माध्यम तुकडी)
वेळ: 1 तास. एकूण गुण: 30

सूचना

सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. मेमरी बाइट-अ‍ॅड्रेसेबल आहे. सुरुवातीला कॅशे पूर्ण रिकामा आहे, म्हणजे सगळे व्हॅलिड बिट 0 आहेत. जिथे बदली करायची वेळ येईल तिथे एलआरयू पद्धत वापरा. कॅल्क्युलेटर चालेल, पण पत्त्याची फोड बिटांमध्ये लिहून दाखवली नसेल तर नुसत्या अंतिम आकड्याला अर्धेच गुण मिळतील.

प्रश्न 1 (8 गुण)

एका प्रोसेसरचा पत्ता 32 बिटांचा आहे. कॅशेत 16 केबी डेटा मावतो आणि ब्लॉक 32 बाइटचा आहे.

अ) कॅशे डायरेक्ट मॅप्ड असेल तर आणि 4-वे सेट असोसिएटिव्ह असेल तर, टॅग, इंडेक्स आणि ऑफसेट किती बिटांचे असतील? (3)

आ) `0x1A2B3C4D` हा पत्ता दोन्ही रचनांमध्ये कुठे जाईल? लाइनचा किंवा सेटचा क्रमांक दशमान पद्धतीत आणि टॅग हेक्समध्ये द्या. (3)

इ) प्रत्येक लाइनला एक व्हॅलिड आणि एक डर्टी बिट आहे. डेटा धरून दोन्ही कॅशेंना एकूण किती बिट साठवावे लागतील? एलआरयूचे बिट धरू नका. (2)

प्रश्न 2 (9 गुण)

एका छोट्या कॅशेत 16 बाइटचे 8 ब्लॉक मावतात. पत्ता 12 बिटांचा आहे. पुढील दोन क्रम डायरेक्ट मॅप्ड आणि 2-वे सेट असोसिएटिव्ह अशा दोन्ही रचनांवर चालवा आणि हिट-मिस मोजा. प्रत्येक क्रम रिकाम्या कॅशेपासून सुरू होतो.

```
A: 040 0C4 048 0C8 04C 0CC 051 044
B: 002 046 08A 004 048 08C 006 04A 08E
```

अ) क्रम A (3)  आ) क्रम B (3)

इ) "कॅशेचा आकार तेवढाच ठेवून वे वाढवले, तर मिस कमी होतात किंवा निदान तेवढेच राहतात." तुमच्या उत्तरांच्या आधारे हे विधान तपासा. (3)

प्रश्न 3 (9 गुण)

प्रश्न 1 मधलाच 16 केबीचा कॅशे घ्या. `int` 4 बाइटचा आहे. `a` चा पहिला घटक `0x10000` वर आणि `b` चा `0x14000` वर आहे. `i` आणि `s` रजिस्टरमध्ये आहेत. प्रत्येक फेरीत आधी `a[i]` आणि मग `b[i]` वाचला जातो.

```c
for (i = 0; i < 1024; i++)
    s = s + a[i] * b[i];
```

अ) डायरेक्ट मॅप्डमध्ये आणि 4-वेमध्ये किती मिस होतील? (4)

आ) `b` ची सुरुवात `0x14020` वर नेली, तर डायरेक्ट मॅप्डमध्ये किती मिस होतील? (3)

इ) हिटला डायरेक्ट मॅप्डमध्ये 1 नॅनोसेकंद आणि 4-वेमध्ये 1.25 नॅनोसेकंद लागतात. मिस झाल्यास दोन्हीकडे 40 नॅनोसेकंद जादा जातात. वरील तिन्ही स्थितींसाठी सरासरी मेमरी अ‍ॅक्सेस वेळ काढा. (2)

प्रश्न 4 (4 गुण)

इंटेलच्या अनेक प्रोसेसरांमध्ये पहिल्या पातळीचा डेटा कॅशे 32 केबी, 8-वे आणि 64 बाइट ब्लॉकचा होता. पुढे आइस लेकमध्ये तो 48 केबी, 12-वे झाला. ब्लॉकचा आकार तोच राहिला. दोन्हींमध्ये इंडेक्सचे बिट काढा. व्हर्च्युअल मेमरीचे पान 4 केबीचे आहे हे लक्षात घेऊन, सेट न वाढवता वे का वाढवले असावेत ते तीन-चार ओळींत सांगा.

---

नमुना उत्तरे आणि गुणदान

उत्तर 1

ब्लॉक 32 = 2⁵ बाइटचा, म्हणून ऑफसेट दोन्हीकडे 5 बिट. कॅशेत एकूण 16384 / 32 = 512 लाइन. डायरेक्ट मॅप्डमध्ये इंडेक्स लाइन निवडतो, म्हणून 9 बिट, आणि टॅगला उरतात 32 − 9 − 5 = 18. 4-वेमध्ये इंडेक्स सेट निवडतो. सेट 512 / 4 = 128, म्हणून इंडेक्स 7 आणि टॅग 20.

वे दुप्पट केले की इंडेक्सचा सर्वांत वरचा एक बिट टॅगकडे सरकतो. इथे वे चौपट झाले, म्हणून दोन बिट सरकले. ही सरकासरकी ज्याला डोळ्यांसमोर आणता येते त्याला पुढचे दोन प्रश्न अवघड जाऊ नयेत.

आ) शेवटचे 16 बिट `3C4D` म्हणजे `0011 1100 0100 1101`. वरचे 16 बिट `1A2B` तसेच राहतात.

```
direct: tag = 0x1A2B,00   index = 111100010   offset = 01101
4-way : tag = 0x1A2B,0011 index = 1100010     offset = 01101
```

डायरेक्टमध्ये टॅग `0x1A2B` च्या पुढे `00` हे दोन बिट, म्हणजे `0x68AC`. लाइन 482, ऑफसेट 13. 4-वेमध्ये इंडेक्स आणि ऑफसेट मिळून 12 बिट, म्हणजे हेक्सचे बरोबर तीन अंक. त्यामुळे टॅग पत्त्यातून थेट वाचता येतो: `0x1A2B3`. सेट 98. पडताळा: 482 mod 128 = 98.

डायरेक्टमध्ये हेक्सचे अंक तसेच तोडून टॅग `0x1A2B` लिहिणारे दरवर्षी भेटतात. तो 18 बिटांचा टॅग होत नाही. असे असेल तर लाइन बरोबर आली तरी एक गुण कापावा.

इ) डेटाचे 256 बिट प्रत्येक लाइनला. डायरेक्ट: 512 × (256 + 18 + 2) = 141312 बिट. 4-वे: 512 × (256 + 20 + 2) = 142336 बिट. फरक फक्त 1024 बिटांचा. खरा खर्च साठवणुकीत नाही. डायरेक्टला 18 बिटांचा एक कंपॅरेटर पुरतो, 4-वेला 20 बिटांचे चार लागतात आणि त्यांच्यापुढे मल्टिप्लेक्सर बसतो. हे कोणी आपणहून लिहिले तर गुण वाढत नाहीत, पण शाबासकी जरूर लिहा.

उत्तर 2

ऑफसेट 4 बिट, म्हणजे हेक्सचा शेवटचा अंक. पहिले दोन अंक हाच ब्लॉक क्रमांक. डायरेक्ट: इंडेक्स 3, टॅग 5. 2-वे: सेट 4, इंडेक्स 2, टॅग 6.

अ) ब्लॉक 04 आणि 0C, दोघेही डायरेक्टमध्ये लाइन 4 वर येतात (12 mod 8 = 4) आणि आळीपाळीने एकमेकांना हुसकावतात. `051` चा ब्लॉक 05 लाइन 5 वर पहिल्यांदाच येतो, म्हणून मिस. त्यानंतरच्या `044` च्या वेळी लाइन 4 वर 0C असतो, म्हणून तोही मिस. 8 पैकी 8 मिस. 2-वेमध्ये 04 आणि 0C सेट 0 मध्ये शेजारी-शेजारी राहतात. 05 सेट 1 मध्ये जातो. मिस फक्त `040`, `0C4` आणि `051` ला: 3 मिस, 5 हिट.

आ) ब्लॉक 00, 04, 08 तीनदा फिरतात.

```
addr  block  line  direct  set  2-way
002    00     0      M      0     M
046    04     4      M      0     M
08A    08     0      M      0     M
004    00     0      M      0     M
048    04     4      H      0     M
08C    08     0      M      0     M
006    00     0      M      0     M
04A    04     4      H      0     M
08E    08     0      M      0     M
```

डायरेक्ट: 2 हिट, 7 मिस. 2-वे: 9 मिस, हिट एकही नाही.

इ) विधान चूक. क्रम A मध्ये 2-वे सरस ठरला, क्रम B मध्ये डायरेक्ट. पण "क्रम B मध्ये उलटे झाले" एवढ्याला एकच गुण. उरलेले दोन कारणाला.

कारण असे. 8 ब्लॉकच्या कॅशेत तीनच ब्लॉक फिरताहेत, त्यामुळे जागा अपुरी पडल्याचा प्रश्न नाही. हे कॉन्फ्लिक्ट मिस आहेत. डायरेक्टमध्ये भांडण 00 आणि 08 यांचे आहे, तेही लाइन 0 साठी. 04 बिचारा लाइन 4 वर निवांत. त्याला वेगळे ठेवतो तो पत्त्यातला बिट 6. 2-वे करताना नेमका हाच बिट इंडेक्समधून टॅगमध्ये गेला आणि तिघेही सेट 0 मध्ये आले. दोन जागा आणि फिरत्या क्रमाने येणारे तीन ब्लॉक: अशा वेळी एलआरयू नेमका लगेच लागणारा ब्लॉकच बाहेर काढते. हाच कॅशे 4-वे केला (2 सेट) तर तिन्ही एका सेटमध्ये मावतात आणि 3 मिस, 6 हिट होतात. म्हणजे 1, 2, 4 वेला मिस 7, 9, 3.

"सेट असोसिएटिव्हमध्ये हिट रेशो जास्त असतो" हे पाठ केलेले वाक्य इथे उतरवणाऱ्याला शून्य. सर्वसाधारण प्रोग्रॅममध्ये ते बहुतेकदा खरे ठरते, पण विचारले होते ते या क्रमाबद्दल.

उत्तर 3

अ) `0x14000 − 0x10000 = 0x4000` = 16 केबी, म्हणजे नेमका कॅशेचा आकार. त्यामुळे `a[i]` आणि `b[i]` यांचा इंडेक्स कायम सारखाच. टॅग मात्र 4 आणि 5. प्रत्येक वाचन दुसऱ्याचा ब्लॉक उडवते: 2048 पैकी 2048 मिस. एका ब्लॉकमध्ये 8 घटक असूनही शेजारच्या सात जणांचा काहीच फायदा होत नाही.

4-वेमध्ये प्रत्येक अ‍ॅरेचे 128 ब्लॉक, सेटही 128. प्रत्येक सेटमध्ये `a` चा एक आणि `b` चा एक ब्लॉक येतो, दोन वे रिकामेच राहतात. मिस 128 + 128 = 256.

आ) `b` एक ब्लॉक पुढे गेला. `a` चा k वा ब्लॉक लाइन k वर, `b` चा k वा लाइन k + 1 वर. पुढच्या आठ घटकांसाठी `a` लाइन k + 1 वर येऊन `b` चा जुना ब्लॉक उडवतो खरा, पण तोवर त्या ब्लॉकचे काम संपलेले असते. मिस 256. "आता टक्कर होतच नाही" असे लिहिले असेल तर दोनच गुण. टक्कर होते, फक्त ती निरुपद्रवी आहे.

इ) डायरेक्ट, मूळ जागा: 1 + 1 × 40 = 41 नॅनोसेकंद. 4-वे: 1.25 + 0.125 × 40 = 6.25. डायरेक्ट, सरकवलेला `b`: 1 + 0.125 × 40 = 6. मिस तेवढेच असले की साधी रचना पुढे जाते, कारण तिची हिट लवकर मिळते.

उत्तर 4

32 केबी: 512 ब्लॉक / 8 = 64 सेट. 48 केबी: 768 / 12 = 64 सेट. दोन्हीकडे इंडेक्स 6 आणि ऑफसेट 6. (2 गुण)

6 + 6 = 12 बिट आणि 4 केबी पानाचा ऑफसेटही 12 बिट. हे बिट पत्त्याच्या भाषांतरात बदलत नाहीत. म्हणून टीएलबी फिजिकल पत्ता शोधत असतानाच व्हर्च्युअल पत्त्यावरून सेट निवडता येतो आणि टॅगची तुलना तेवढी नंतर होते. सेट 128 केले असते तर इंडेक्सचा एक बिट पान क्रमांकात गेला असता आणि एकच फिजिकल ब्लॉक दोन सेटमध्ये सापडण्याचा धोका आला असता. वे वाढवले की आकार वाढतो, इंडेक्स तेवढाच राहतो. (2 गुण) टीएलबीचे नाव न घेता "इंडेक्स पानाच्या ऑफसेटमध्येच बसतो" एवढे स्पष्ट लिहिले असेल तरी पूर्ण गुण द्यावेत.