मनूला पत्र : पाच सिनेमे, साध्या वेगाने बघायचे

विश्रामबाग, सांगली
१२ जून २०२४

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, तुझ्यावर परिणाम झालेले पाच पिक्चर सांग." मी घाईत काहीतरी बोलले आणि मग दोन रात्री झोप नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले, स्वतःचा सोडवायला बसलं की हात थरथरतो. म्हणून लिहूनच पाठवते. तुझ्या आजोबांचं म्हणणं 'शोले' नसलेली यादी यादीच नव्हे. ते त्यांनी त्यांच्या नातवाला लिहावं.

पहिला 'दो आँखें बारह हाथ'. मी दहा वर्षांची असेन. खरसुंडीच्या जत्रेत तंबूत बघितला, पुढे मातीत बसून. जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन माळावर शेती करायला जातो, एवढीच गोष्ट. मध्येच रीळ तुटलं, दिवे लागले, तेव्हा अण्णा म्हणाले, "हे आपल्याकडचंच आहे." मला वाटलं थट्टा करतायत. पण आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर खरंच तसं आहे. औंध संस्थानात १९३९ साली भारतानंद नावाच्या पोलिश माणसाने राजेसाहेबांच्या पाठिंब्याने भिंत नसलेला तुरुंग उभा केला. कैदी शेती करायचे. त्यावरून शांतारामबापूंनी सिनेमा काढला, आणि लिहिला कोणी, तर आपल्या माणदेशातल्या गदिमांनी. आम्ही त्या वाटेने बाजाराला जायचो तेव्हा मी आईचा पदर धरायचे. सिनेमा बघितल्यावर सोडला.

पुढे मास्तरीण झाल्यावर एका मुलाने वाचनालयातली पुस्तकं पळवली. तक्रार माझ्याकडे आली. मला तो जेलर आठवला आणि मी कपाटाची किल्ली त्याच्याकडेच दिली. एवढं ऐकून तुला वाटेल तो सुधारला. तसं काही नाही, आणखी तीन पुस्तकं गेली. पण वर्षभर ते कपाट रोज उघडलं गेलं, त्याआधी ते फक्त इन्स्पेक्शनला उघडायचं. हेडमास्तरांनी मला तीन पुस्तकांचे पैसे भरायला लावले. भरले.

दुसरा 'पाथेर पांचाली'. सत्यजित राय, १९५५. दूरदर्शनवर रात्री उशिरा लागला होता, आपला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, वर जाळीसारख्या मुंग्या. बंगाली कळत नव्हतं आणि खालच्या ओळी वाचेपर्यंत निघून जायच्या, तरी कुठे अडलं नाही. आगगाडी बघायला भावंडं तुऱ्यांच्या गवतातून धावतात ते सगळेच सांगतात. मला मात्र शेवटची माळ आठवते. दुर्गावर माळ चोरल्याचा आळ येतो, ती नाही म्हणते, आईच्या हातचा मार खाते. ती गेल्यावर घर सोडताना अपूला ती माळ सापडते, आणि तो ती तळ्यात फेकून देतो. शेवाळ बाजूला होतं आणि परत मिटतं. म्हणजे पोरीने चोरी केली होती, खोटंही बोलली होती. तरी तिच्यावर रागावणारा एक माणूस मला आजवर भेटला नाही. वर्गात मी 'खरं बोल' म्हणून किती जणांना कोंडीत पकडलं असेल, ते त्या रात्री मोजत बसले.

'सामना' तू निळूभाऊंसाठी बघच. आणीबाणीच्या आधीचा. जब्बार पटेल, लेखन तेंडुलकरांचं. साखर कारखान्याचा मालक शोभावा असा हिंदुराव आणि समोर दारू पिणारा, कुठूनसा आलेला म्हातारा मास्तर, श्रीराम लागू. तो एकच प्रश्न धरून बसतो : मारुती कांबळेचं काय झालं? आमच्या पट्ट्यात हिंदुराव सगळ्यांच्या ओळखीचा होता, त्यामुळे थिएटरात आधी हशा पिकला आणि नंतर कुणी खोकेनासुद्धा. पुढे आमच्या स्टाफरूममध्ये ते वाक्यच झालं. खडूचे खोके आले नाहीत, इमारत निधी आला म्हणतात पण दिसला नाही, की कुणीतरी हळूच म्हणायचं, "मारुती कांबळेचं काय झालं?" हळूच बरं का. मोठ्याने विचारायची छाती आमच्यापैकी एकाचीही झाली नाही.

'उंबरठा' (१९८२) सासूबाईंबरोबर बघितला. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. मला वाटलं सासूबाई बाहेर आल्यावर नाक मुरडतील. त्या रिक्षात एवढंच म्हणाल्या, "गाडीत एकटीच बसली गं, आता कुठं उतरायची?" त्याआधी मी एकदा बढती नाकारली होती, कारण शाळा दुसऱ्या तालुक्यात होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा घेतली. आठवडाभर तिकडे, शनिवारी एसटीने घरी. तुझा बाबा चार वर्षांचा होता. त्याला विचार, अजून टोमणा मारतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्या सिनेमातही मुलगी आईपासून लांब जाते.

आता 'फँड्री'. हा लिहायचा म्हणून बाकीचे लवकर उरकले. नागराज मंजुळेंचा. मी निवृत्त झाले होते, तुझ्या बाबाबरोबर गेले. त्यात जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुकरं पकडत असतं. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुकराला काय, ते निघून जातं. लोक हसले. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी ते राष्ट्रगीत मीच सुरू केलंय, भिंतीपलीकडे कोण उभं आहे हे कधी बघितलं नाही.

आणि एक. हे तुझ्या बाबालाही माहीत नाही. एकदा शाळेच्या आवारात मेलेलं कुत्रं पडलं होतं. मी सातवीच्या वर्गात गेले आणि एका मुलाला सांगितलं, "जा रे, तुझ्या वडिलांना बोलावून आण." पस्तीस मुलांतून त्यालाच. मला शोधावंसुद्धा लागलं नाही. तो गेला, वडील आले, कुत्रं उचललं, मी 'थँक्यू' म्हणाले आणि गणित पुढे चालू केलं. त्याचं नाव मला पक्कं आठवतं, इथे लिहीत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तेव्हा मी खुर्चीत मान बाजूला घेतली. तुझा बाबा म्हणाला, "आई, थ्री-डी नाहीये गं."

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आणि टीव्हीला जोडायची ती वायर आण. 'फँड्री' मला तुझ्याबरोबर परत बघायचाय. बाकीचे आधी बघून ये. तू सगळं दीडपट वेगाने बघतेस असं कळलं. 'पाथेर पांचाली' तसा बघितलास तर मला सांगू नकोस.

तासगावचे बेदाणे आणि भडंग पाठवलंय. भडंग मैत्रिणींनी संपवलं तरी चालेल, बेदाणे तू खा.

तुझी,
आजी

ता. क. आजोबांनी डब्यात चिठ्ठी ठेवली आहे. त्यात 'शोले' असणार.